बोर्डवरचा बाण शब्दात लिहा, नाहीतर तो पैसे घेऊन पळतो

आज एका छोट्या सवयीवर माझं मत सांगतो. बैठक संपली की कुणीतरी उठतं, मोबाईल काढतं, व्हाइटबोर्डचा फोटो घेतं आणि ग्रुपवर टाकतं. खाली चार अंगठे येतात. सगळ्यांना वाटतं, नोंद झाली.

माझं म्हणणं सरळ आहे. ही नोंद नाही. बोर्डवर काय दिसत होतं एवढंच फोटो सांगतो, काय ठरलं ते सांगत नाही. नोंद तेव्हा होते, जेव्हा त्या फोटोची साध्या मजकुरात यादी होते आणि बोर्डवरचा प्रत्येक बाण त्या यादीत एका वाक्यात उतरतो. शब्द उतरवायला सगळ्यांना जमतं. सुटतात ते बाण. आणि धंद्याचे निर्णय शब्दांत नसतात, बाणांत असतात.

का, ते बघा. बोर्डवर "कर्ज" लिहिलंय, "मशीन" लिहिलंय, "सबसिडी" लिहिलंय. हे तीन शब्द फोनमधली फोटोतून मजकूर उचलण्याची सोयसुद्धा काढून देईल, अक्षर बरं असेल तर. पण सबसिडीतून निघालेला बाण मशीनकडे जातो की कर्जाकडे, हे त्या मजकुरात कुठंच येत नाही. तुमचा पुढचा व्यवहार मात्र नेमका त्याच्यावर चालणार असतो.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा नांदेडजवळ विष्णुपुरीत पाच जण हळद पावडरचा छोटा धंदा काढायचं ठरवतायत. जागा योग्य आहे. विद्यापीठ, एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज आणि सरकारी मेडिकल कॉलेज, तिन्ही इथंच, म्हणजे हॉस्टेल आणि मेस आल्याच. हळकुंड घ्यायला नांदेडचा मोंढा जवळ. दोन तास चर्चा झाली आणि बोर्ड भरला.

बोर्डवर चार चौकोन आहेत. "कागद" या चौकोनात उद्यम नोंदणी, एफएसएसएआय नोंदणी आणि प्रोजेक्ट रिपोर्ट. "पैसा" मध्ये आपली रक्कम, बँकेचं कर्ज आणि सबसिडी. "माल" मध्ये हळकुंड, पल्वरायझर, दळण, लेबल आणि पॅकिंग. "गिऱ्हाईक" मध्ये मेस, किराणा दुकान आणि आठवडी बाजार. किराणासमोर प्रश्नचिन्ह आहे, आठवडी बाजारावर काट मारलीय. एफएसएसएआय आणि लेबल या दोन शब्दांना लाल मार्करनं एक वेडावाकडा गोल घातलाय. आणि या सगळ्यावरून इकडून तिकडे अकरा बाण गेलेत.

आता कामाला लागू. पहिलं काम फोटोचं. एक फोटो पूर्ण बोर्डचा, चारही कोपरे दिसतील असा. मग डाव्या आणि उजव्या अर्ध्याचे दोन जवळून, मधला थोडा भाग दोन्हींत येईल असे. ट्यूबलाइटची चमक बोर्डवर पडत असेल तर समोर उभं न राहता एक पाऊल बाजूला सरका, चमक शब्दांवरून हटते. ग्रुपवर टाकताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं आणि बाणाचं बारीक टोक सगळ्यात आधी पुसट होतं. टोक गेलं की दिशा गेली.

दुसरं काम, बाण मोजा. लिहायला सुरुवात करायच्या आधी. फोटोवर बोट ठेवून एक, दोन, तीन करत मोजा आणि आकडा यादीच्या डोक्यावर लिहून ठेवा. दोन्हीकडे टोक असलेला बाण दोन धरा. टोकच नसलेली रेघ असेल तर ती वेगळी मोजा आणि "जोडलेलं, दिशा विचारायची" असं लिहा. आपल्या बोर्डवर अकरा बाण आहेत. म्हणजे यादीत बाणांची अकरा वाक्यं यायला हवीत. दहा आली तर कुठलातरी निर्णय फोटोतच राहिला, असं समजा.

तिसरं काम, चौकोनांची मथळ्यांत मांडणी. प्रत्येक चौकोनाला एक अक्षर द्या आणि आतल्या मुद्द्यांना नंबर द्या. असं:

```
हळद पावडर - बैठक, विष्णुपुरी
फोटो ३, बाण ११

क. कागद
क१ उद्यम नोंदणी
क२ एफएसएसएआय नोंदणी [लाल]
क३ प्रोजेक्ट रिपोर्ट

प. पैसा
प१ आपली रक्कम
प२ बँकेचं कर्ज
प३ सबसिडी

म. माल
म१ हळकुंड
म२ पल्वरायझर
म३ दळण
म४ लेबल [लाल]
म५ पॅकिंग

ग. गिऱ्हाईक
ग१ मेस
ग२ किराणा दुकान (?)
ग३ आठवडी बाजार - रद्द

[लाल] = या महिन्यात करायचं
```

तुम्ही म्हणाल, हे क१, म४ कशाला? नुसत्या जागा सोडून आत सरकवून लिहिलं तर चालत नाही का? वहीत चालतं. पण हा मजकूर व्हॉट्सॲपवरून मेलमध्ये, मेलमधून वर्डमध्ये आणि तिथून बँकेच्या टेबलावर जाणार असतो. या प्रवासात आत सरकवलेल्या जागा कुठंतरी सपाट होतात आणि कोण कोणाच्या पोटात होतं ते कळेनासं होतं. क२ मात्र कुठंही पेस्ट केलं तरी क२ च राहतं. मुद्दा आपलं घर स्वतःच्या नावात घेऊन फिरतो.

काहीजण याच्याही पुढं जातात. रेघा आणि कंस टाइप करून बोर्डची आकृतीच मजकुरात काढायला बघतात. मराठीत हे करू नका. आपली अक्षरं सारख्या रुंदीची नसतात. "म" आणि "मि" आणि "क्षी" वेगवेगळी जागा घेतात, शिवाय प्रत्येक फोनवर फॉन्ट वेगळा. तुमच्या स्क्रीनवर सरळ उभी दिसणारी रेघ दुसऱ्याच्या फोनवर सापासारखी वळते, आणि बाण भलत्याच शब्दाखाली जाऊन टेकतो.

लाल गोलाचंही बघा. तो दोन चौकोनांवर पसरलाय, एक मुद्दा कागदातला आणि एक मालातला. असा गट मथळा करून लिहायला गेलात तर तेच मुद्दे दोनदा येतात, आणि पुढं एका ठिकाणी बदल केला की दुसऱ्या ठिकाणी जुनं राहतं. म्हणून मुद्दा आपल्या चौकोनातच ठेवायचा आणि त्याच्यापुढं खूण लावायची. खुणेचा अर्थ यादीखाली एकदाच लिहायचा. खुणेला तारा किंवा लाटेसारखं चिन्ह वापरू नका, व्हॉट्सॲप ताऱ्यांमधला मजकूर ठळक करतं आणि लाटांमधल्या मजकुरावर काट मारतं. चौकोनी कंस सगळीकडे तसाच राहतो.

आणि काट मारलेला आठवडी बाजार यादीतून गाळू नका. "नको" असं ठरलं, हाही निर्णयच आहे. गाळलात तर पुढच्या बैठकीत कुणीतरी तोच विषय नवा म्हणून काढेल आणि अर्धा तास जाईल.

आता खरा विषय, बाण. इथं माझं मत जरा कडक आहे. नुसतं `->` टाइप करून भागवू नका. कारण बोर्डवर बाण एकच दिसत असला तरी त्याचे अर्थ चार असतात, आणि मराठीत त्या चार अर्थांना चार वेगळे शब्द तयार आहेत. "आधी हे, मग ते" हा क्रमाचा बाण. "हे झाल्याशिवाय ते नाही" हा अटीचा बाण. "याच्याकडून त्याच्याकडे" हा माल किंवा पैसा वाहून नेणारा बाण. आणि "याच्यामुळे ते" हा कारणाचा बाण. क्रम आणि अट सारखेच वाटतात, पण फरक मोठा आहे. क्रमात गडबड झाली तर काम थोडं उलटसुलट होतं, तरी होतं. अट मोडली तर काम होतच नाही, किंवा केलेलं वाया जातं.

म्हणून प्रत्येक बाणासाठी यातला एक शब्द निवडा आणि पूर्ण वाक्य लिहा:

```
बाण
१. क२ एफएसएसएआय झाल्याशिवाय म४ लेबल नाही
२. म४ लेबल झाल्याशिवाय म५ पॅकिंग नाही
३. क३ रिपोर्ट झाल्याशिवाय प२ कर्ज नाही
४. प२ कर्जाकडून पैसा म२ पल्वरायझरकडे
५. प३ सबसिडीकडून पैसा प२ कर्जाकडे
६. म२ पल्वरायझर आल्याशिवाय म३ दळण नाही
७. आधी म१ हळकुंड, मग म३ दळण
८. आधी म३ दळण, मग म५ पॅकिंग
९. म५ पॅकिंगकडून माल ग१ मेसकडे
१०. ग१ मेसकडून पैसा प१ आपल्या रकमेकडे, ३० दिवसांनी
११. प१ आपल्या रकमेकडून पैसा म१ हळकुंडाकडे
```

या बोर्डवर "मुळे"वाला बाण एकही नव्हता, म्हणून यादीतही नाही. अकरा मोजले होते, अकरा उतरले.

आता यातला पहिला बाण घ्या. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर छापावा लागतो. फोटोत हा बाण बघितला तर "आधी नोंदणी, मग लेबल" असं वाटतं, आणि कुणीतरी म्हणतं, "नोंदणी चालूच आहे की, तोवर लेबलची ऑर्डर देऊन टाकू." नंबर आल्यावर ती सगळी लेबलं रद्दीत. "झाल्याशिवाय नाही" असं लिहिलेलं असतं तर प्रिंटिंगवाल्याला फोन लावायच्या आधी हात थांबला असता.

पाचवा बाण तर याहून महाग आहे. छोट्या खाद्य उद्योगांसाठी पीएमएफएमई नावाची केंद्राची योजना आली. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि आपला हिस्सा किमान १० टक्के. पण हे अनुदान कर्जाशी बांधलेलं आहे. ते तुमच्या हातात येत नाही आणि मशीनवाल्याकडेही जात नाही. ते कर्ज देणाऱ्या बँकेत तुमच्या नावानं बाजूला ठेवलं जातं, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता मिळाल्यापासून तीन वर्षांनी, खातं नियमित असेल आणि धंदा चालू असेल तर, कर्जात वळतं होतं.

समजा मशीन आणि बाकी सामान मिळून खर्च २ लाख. आपला हिस्सा २० हजार, कर्ज १ लाख ८० हजार, अनुदान ७० हजार. बोर्डवर सबसिडीचा बाण पल्वरायझरच्या अगदी शेजारून जात कर्जावर टेकलाय. फोटोत घाईनं बघणाऱ्याला तो पल्वरायझरवर टेकलेला दिसतो. मग हिशेब असा होतो, ७० हजार सरकार देणार, २० आपले, म्हणजे कर्ज १ लाख १० हजारच काढू. त्याच भरवशावर मशीनवाल्याला ॲडव्हान्स जातो. बाकी रक्कम द्यायच्या दिवशी ७० हजार कुठंच नसतात. ॲडव्हान्स अडकतो, मशीन येत नाही, आणि हळद खरेदीसाठी ठेवलेल्या पैशाला हात लागतो. "सबसिडीकडून पैसा कर्जाकडे" हे एक वाक्य लिहिलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

बाण वाक्यांत उतरवल्याचा आणखी एक फायदा आहे, फेरा सापडतो. वरच्या यादीत ७, ८, ९, १०, ११ ही वाक्यं सलग वाचा. हळकुंडातून दळण, दळणातून पॅकिंग, पॅकिंगमधून मेस, मेसकडून पैसा, पैशातून परत हळकुंड. जिथून निघालो तिथंच आलो. बोर्डवर हे पाच बाण वेगवेगळ्या कोपऱ्यांत होते, म्हणून गोल दिसत नव्हता. यादीत शेवटी एक ओळ वाढवा:

```
फेरा: म१ - म३ - म५ - ग१ - प१ - म१
```

फेरा लिहिला की लगेच विचारायचं, एक फेरी किती दिवसांची? हळकुंड घेऊन, दळून, पाकीट मेसवर पोहोचायला १० दिवस धरा. मेसची उधारी ३० दिवस. म्हणजे आज घातलेला पैसा ४० व्या दिवशी परत. तुम्ही दर १० दिवसांनी हळकुंड घेणार असाल तर पहिल्या, अकराव्या, एकविसाव्या आणि एकतिसाव्या दिवशी, अशा चार खरेद्या स्वतःच्या खिशातून कराव्या लागतील, तेव्हा कुठं पहिला पैसा हातात येईल. एक खरेदी २५ हजारांची असेल तर प१ मध्ये १ लाख हवेत. बोर्डवर "आपली रक्कम" एवढंच लिहिलं होतं. आकडा फेऱ्यातून निघाला.

आता तपासणी. यादी झाली की तीन गोष्टी बघा. एक, बाणांचा आकडा जुळतो का. दोन, ज्याला एकही बाण लागला नाही असे मुद्दे कोणते. आपल्या यादीत उद्यम नोंदणी, किराणा दुकान आणि रद्द झालेला आठवडी बाजार. आठवडी बाजाराचं समजतं. किराणावर प्रश्नचिन्ह होतं, तेही समजतं. पण उद्यम नोंदणी एकटी का? बँक कर्जाच्या कागदांत ती मागते की नाही, हे बैठकीत कुणी बोललंच नाही. इथं मनानं बाण टाकू नका. यादी उतरवणारा हुशार असला की हा मोह होतोच. खाली "विचारायचं" असा वेगळा भाग करा आणि तिथं लिहा. बोर्डवर जे होतं ते आणि तुम्हाला नंतर सुचलं ते, दोन्ही एकात मिसळलं की बाकी चौघांचा यादीवरचा विश्वास उडतो.

तीन, उलटी परीक्षा. जो बैठकीत नव्हता अशा एकाला फक्त यादी द्या, फोटो नको. त्याला कागदावर चौकोन आणि बाण काढायला सांगा. मग त्याचा कागद आणि तुमचा फोटो शेजारी ठेवा. शब्द इकडेतिकडे असले तरी चालेल, चौकोन लहानमोठे असले तरी चालेल. पण बाण तेच आणि त्याच दिशेनं हवेत. जिथं फरक दिसेल ते वाक्य दुरुस्त करा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

माझ्या या मताला दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "सर, एवढा वेळ कोणाकडे?" एवढ्या बोर्डला साधारण अर्धा तास लागतो, आणि तो त्याच दिवशी द्यायला हवा, कारण तोपर्यंत बाण कुणी आणि का काढला हे विचारता येतं. आठवड्यानं बसलात तर दोन तास जातील आणि निम्मे बाण "बहुतेक असं असावं" म्हणून लिहाल. दुसरा आक्षेप, "मग कॉम्प्युटरवर चांगली आकृतीच काढू की." काढा, दिसायला छान दिसते. पण ती ज्यानं काढली त्यालाच बदलता येते, आणि त्याचा पुन्हा फोटोच ग्रुपवर येतो. यादीतलं सातवं वाक्य चुकलं तर पाचातला कुणीही फोनवरच दुरुस्त करून पाठवू शकतो, आणि सहा महिन्यांनी "सबसिडी" शोधलं तर ते सापडतं.

एक मर्यादा मात्र मान्य करा. बोर्डवर जागेचा नकाशा असेल, म्हणजे पल्वरायझर कुठं, पोती कुठं, दार कुठं, तर तो यादीत उतरवू नका. तिथं अंतर आणि बाजू हाच निर्णय असतो, तो फोटोतच राहू द्या आणि यादीत फक्त "जागेचा नकाशा, फोटो २" असं लिहा. तसंच एका मुद्द्यातून सात-आठ बाण निघत असतील तर यादीचा दोष नाही, तो मुद्दा फार मोठा लिहिलाय. "मार्केटिंग" अशा एका शब्दातून आठ बाण निघतात, तेव्हा त्याचे तीन-चार मुद्दे करायला पुढच्या बैठकीत बसा.

आता तुमच्या फोनच्या गॅलरीत जा. बोर्डचा एखादा फोटो नक्की सापडेल. त्यातले बाण मोजा, आणि प्रत्येकासमोर मग, शिवाय, कडून की मुळे, यातलं काय लिहायचं ते ठरवता येतं का बघा. ज्या बाणावर अडाल, त्याच्याबद्दल आज संध्याकाळीच पार्टनरला फोन करा. बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात वेगळा शब्द असतो.